बँकेच्या व्याज प्रमाणपत्रातले दोन आकडे आणि तुमची करसवलत

एप्रिल उजाडला की बँकेच्या ॲपमधून गृहकर्जाचं ‘इंटरेस्ट सर्टिफिकेट’ काढायची लगबग सुरू होते. एक पानाचा कागद असतो. वर कर्जदारांची नावं, कर्जखात्याचा क्रमांक, घराचा पत्ता, १ एप्रिल ते ३१ मार्च असा कालावधी. आणि खाली दोन आकडे. एक वर्षभराच्या व्याजाचा, दुसरा वर्षभरात फिटलेल्या मुद्दलाचा. अनेक जण हे दोन आकडे जसेच्या तसे रिटर्नमध्ये भरतात आणि मोकळे होतात.

पण या कागदावर बँक फक्त एवढंच सांगते, की तुमच्या कर्जावर किती व्याज लागलं आणि किती मुद्दल फिटलं. त्यातलं किती तुम्हाला करातून वजा करता येईल, हे बँकेला ठाऊक नसतं. घर कोणाच्या नावावर आहे, ताबा कधी मिळाला, तुम्ही जुन्या करप्रणालीत आहात की नव्या, पगारातून पीएफ किती कापला जातो, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. म्हणून प्रमाणपत्रातला आकडा आणि सवलतीचा आकडा क्वचितच सारखे निघतात. या लेखातला हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ चा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण या वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं. शिवाय ‘चोवीस बी’ आणि ‘ऐंशी सी’ हे शब्द लोकांच्या तोंडून इतक्यात जाणार नाहीत, म्हणून मीही तेच वापरतो.

दोन आकडे दोन वेगळ्या वाटांनी जातात, हे आधी नीट समजून घेऊ. व्याज जातं कलम २४ बी मध्ये. कायदा घराकडे उत्पन्नाचं साधन म्हणून बघतो. तुम्ही स्वतः राहता त्या घराचं उत्पन्न शून्य धरलं जातं. त्यातून व्याज वजा केलं की उणे आकडा येतो, आणि तो तोटा तुमच्या पगारातून वजा होतो. स्वतःच्या राहत्या घरासाठी या तोट्याला वर्षाला २ लाख रुपयांची मर्यादा आहे. राहती म्हणून दोन घरं दाखवता येतात, पण दोन्ही मिळून मर्यादा २ लाखच.

मुद्दल जातं ८० सी मध्ये. तिथे ते पीएफ, पीपीएफ, विम्याचा हप्ता, मुलांची शाळेची फी यांच्या रांगेत उभं राहतं आणि सगळ्यांना मिळून दीड लाख. नोकरदाराच्या बाबतीत ही रांग आधीच बरीच भरलेली असते. मूळ पगार महिना ५०,००० असेल आणि त्यावर १२ टक्के पीएफ कापला जात असेल, तर ७२,००० रुपये तिथेच गेले. मुद्दलाला उरले ७८,०००. प्रमाणपत्रावर मुद्दल सव्वा लाख दिसत असलं तरी तुमच्या उपयोगाचं एवढंच. घर घेतलं त्या वर्षी भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा ८० सी मध्येच बसते, तीही फक्त भरलेल्या वर्षी आणि त्याच दीड लाखात.

आणखी एक बारीक फरक आहे. व्याज ‘लागू झालं’ की मोजलं जातं, मुद्दल मात्र ‘प्रत्यक्ष भरलं’ तरच. समजा खात्यात पैसे नव्हते म्हणून मार्चचा हप्ता परत गेला आणि तुम्ही तो एप्रिलमध्ये भरला. मार्चचं व्याज याच वर्षाच्या हिशेबात येईल, मुद्दल पुढच्या वर्षात जाईल. हप्ता चुकल्याबद्दल बँकेने लावलेला दंड मात्र यातल्या कुठल्याच खात्यात धरायचा नाही.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. ते दोन प्रकारचं असतं आणि बहुतेक घोळ इथेच होतो. वर्ष सुरू असताना बँक देते ते ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे अंदाजी. सगळे हप्ते वेळेवर भरले जातील, व्याजदर आहे तोच राहील आणि मध्येच तुम्ही जादा रक्कम भरणार नाही, असं गृहीत धरून बँक वर्षअखेरपर्यंतचा आकडा छापते. डिसेंबर-जानेवारीत कंपनीचा पगार विभाग पुरावे मागतो तेव्हा हेच चालतं, कारण तेव्हा दुसरं काही उपलब्धच नसतं. फॉर्म १२ बीबी मध्ये तुम्ही व्याजाची रक्कम, कर्ज देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पॅन लिहून देता, सोबत हे प्रमाणपत्र जोडता, आणि कंपनी त्याप्रमाणे टीडीएस कमी करते.

३१ मार्चनंतर मिळतं ते अंतिम प्रमाणपत्र. रिटर्न भरायचं ते याच्यावरून. दोन्ही कागद दिसायला सारखे असतात, फक्त ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द कुठेतरी कोपऱ्यात असतो. तो शोधा.

२०२५-२६ मध्ये या दोघांतला फरक बऱ्याच जणांना जाणवेल. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५ टक्के केला, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये एकदम ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेली असतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. दर उतरला की बँक सहसा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. त्यामुळे त्याच हप्त्यात व्याजाचा वाटा घटतो, मुद्दलाचा वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या अंदाजी प्रमाणपत्रातलं व्याज म्हणूनच फुगलेलं असणार. कंपनीला तो आकडा दिला म्हणून काही गुन्हा झाला नाही, पण रिटर्नमध्ये तोच ठेवला तर लागलंच नाही असं व्याज तुम्ही वजा केलं, असा अर्थ होतो. फॉर्म १६ मध्ये छापून आलाय म्हणून तो बरोबर ठरत नाही. फरक रिटर्नमध्ये दुरुस्त करायचा, कर वाढत असेल तर व्याजासह भरायचा.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. पुण्याजवळचं एक नोकरदार जोडपं. दोघांनी मिळून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षांसाठी. पहिली रक्कम बँकेने बिल्डरला ऑगस्ट २०२१ मध्ये दिली, पुढच्या रकमा स्लॅब पडत गेले तशा. तोपर्यंत दोघं फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज भरत होते, ज्याला बँकवाले प्री-ईएमआय म्हणतात. ताबा मिळाला नोव्हेंबर २०२४ मध्ये. शेवटची रक्कम गेली आणि एप्रिल २०२५ पासून पूर्ण हप्ता सुरू झाला: ८.५ टक्के दराने महिना ३४,७१३ रुपये.

अंदाजी प्रमाणपत्रात वर्षाचं व्याज ३,३६,९४६ आणि मुद्दल ७९,६०९ रुपये होतं. मध्ये दर उतरला, हप्ता तोच राहिला, आणि अंतिम प्रमाणपत्रात व्याज आलं ३,१२,०००, मुद्दल १,०४,५५५. बेरीज दोन्हीकडे तीच, ४,१६,५५५. तुमची दोन प्रमाणपत्रं हातात असतील तर ही बेरीज ताडून बघा. हप्ता बदललेला नसताना, जादा रक्कम भरलेली नसताना बेरीज जुळत नसेल, तर एखादा हप्ता परत गेलाय किंवा शुल्क लागलंय.

या ३,१२,००० शिवाय आणखी एक व्याज आहे, जे यंदाच्या प्रमाणपत्रावर दिसतच नाही. ताबा मिळण्याआधी भरलेलं. तेव्हा घरच नव्हतं, म्हणून त्या वर्षांत त्याची सवलत मिळत नाही. पण ते वायाही जात नाही. ज्या आर्थिक वर्षात बांधकाम पुरं झालं, त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करायचं, त्याचे पाच समान भाग करायचे आणि पूर्ण झालेल्या वर्षापासून दरवर्षी एक भाग घ्यायचा.

आपल्या जोडप्याचं बांधकाम २०२४-२५ मध्ये पुरं झालं. म्हणून आधीचं व्याज धरायचं ते ३१ मार्च २०२४ पर्यंतचं. २०२१-२२ मध्ये ४५,०००, २०२२-२३ मध्ये १,२५,००० आणि २०२३-२४ मध्ये २,८०,०००. एकूण ४,५०,०००. पाचवा भाग ९०,०००, आणि तो मिळणार २०२४-२५ ते २०२८-२९ अशी पाच वर्षं. एप्रिल ते नोव्हेंबर २०२४ चं व्याज ताब्याआधीचं असलं तरी या गाठोड्यात येत नाही, कारण ते पूर्ण झालेल्या वर्षातलंच आहे. ते त्या वर्षीच्या चालू व्याजात धरायचं. लोक नेमके इथेच गडबडतात आणि ताब्याच्या तारखेपर्यंतचं सगळं पाचात वाटून टाकतात.

या ९०,००० चा पुरावा म्हणजे त्या तीन जुन्या वर्षांची तीन अंतिम प्रमाणपत्रं. बँकेच्या ॲपवर जुनी वर्षं कधी कधी दिसत नाहीत, शाखेत अर्ज करावा लागतो. मधल्या काळात कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं असेल तर जुन्या बँकेकडून ती आताच घेऊन ठेवा, खातं बंद होऊन काही वर्षं गेल्यावर शाखेत कोणी ओळख दाखवत नाही. सोबत ताबापत्र किंवा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ओसी म्हणतो ते. बांधकाम कधी पुरं झालं हे बँकेचा कागद सांगत नाही, ते सिद्ध करायचं काम याच कागदांचं.

इथे एक मुदतही आहे, आणि आपल्याकडच्या रखडलेल्या प्रकल्पांमुळे ती सांगायलाच हवी. कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत बांधकाम पुरं झालं पाहिजे. ऑगस्ट २०२१ चं कर्ज असेल तर ३१ मार्च २०२७. त्यापुढे गेलं तर राहत्या घरासाठी २ लाखांची मर्यादा थेट ३०,००० वर येते, आणि तीही एका वर्षासाठी नाही, पुढच्या सगळ्या वर्षांसाठी. बिल्डरने उशीर केला, शिक्षा मात्र ग्राहकाला. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे हा असा आहे.

आता वाटणी. यंदाचं व्याज ३,१२,००० अधिक जुन्यातलं ९०,००० म्हणजे ४,०२,०००. एकट्याच्या नावावर घर आणि कर्ज असतं तर २ लाखांवर गाडी थांबली असती आणि २,०२,००० रुपयांचं व्याज कुठेच वजा झालं नसतं. दोघं सहमालक आणि दोघं सहकर्जदार असल्यामुळे मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र. निम्मं निम्मं केलं तर वाट्याला २,०१,०००, प्रत्येकी २ लाख वजा, दोघांचे मिळून ४ लाख. मुद्दलाचंही तसंच, ५२,२७७ रुपये प्रत्येकी, आपापल्या दीड लाखात.

पण वाटणी मनाला येईल तशी करायची नाही. ती मालकीच्या हिश्श्यावर ठरते. नोंदणी झालेल्या करारनाम्यात नवऱ्याचा ६० टक्के आणि बायकोचा ४० टक्के हिस्सा लिहिला असेल, तर ४,०२,००० चे २,४१,२०० आणि १,६०,८०० होतात. नवऱ्याला २ लाख, बायकोला १,६०,८००, एकूण ३,६०,८००. हिस्सा लिहिलेलाच नसेल तर सहसा समान धरला जातो. घर घेताना करारनाम्याच्या मसुद्यात ही एक ओळ लिहून घ्या म्हणून वकिलाला सांगणारे फार थोडे. एकदा नोंदणी झाली की मग ती बदलणं खर्चाचं काम.

सहमालक आणि सहकर्जदार, दोन्ही असायला हवं, हे पुन्हा सांगतो. कर्जाची रक्कम वाढावी म्हणून बँक कित्येकदा वडिलांना किंवा भावाला सहकर्जदार करून घेते. प्रमाणपत्रावर त्यांचं नाव येतं. पण इंडेक्स २ वर, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव नसेल तर त्यांना एक रुपयाची सवलत नाही, अगदी हप्ता त्यांच्या खात्यातून जात असला तरी. उलट बायको सहमालक आहे पण कर्जात नाही, तर तिलाही नाही.

बँक प्रमाणपत्रात वाटणी करून देत नाही. दोघांची नावं छापते आणि पूर्ण रक्कम लिहिते. मग नवरा आपल्या कंपनीत तोच कागद देतो, बायको आपल्या कंपनीत तोच कागद देते, आणि दोघांच्या पगार विभागात पूर्ण व्याज धरलं जातं. एकाच व्याजावर दोनदा सवलत. हे टाळायला प्रत्येकाने सोबत एक साधं स्वयंघोषणापत्र द्यावं: मालकीचा हिस्सा इतका, या व्याजातला माझा वाटा इतका, उरलेला जोडीदार घेणार. प्रमाणपत्रावर एकाचंच नाव येत असेल तर बँकेला दोन्ही नावांचं मागा. कर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या आहेत, त्यामुळे बँकेने ते द्यायला हरकत नसावी.

एवढा सगळा हिशेब जमला. आता तो करायचा तरी का, हा प्रश्न. कारण राहत्या घराच्या व्याजाची आणि ८० सी ची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही आपोआप लागणारी झाली आहे.

समजा आपल्या जोडप्यात नवऱ्याचा वार्षिक पगार १५ लाख. जुन्या प्रणालीत ५०,००० ची ठरावीक वजावट, २ लाख व्याज, आणि पीएफ व मुद्दल वगैरे धरून ८० सी चे पूर्ण दीड लाख. करपात्र उत्पन्न ११ लाख, उपकरासह कर १,४८,२००. नव्या प्रणालीत फक्त ७५,००० वजा, करपात्र १४,२५,०००, आणि कर ९७,५००. गृहकर्जाची पूर्ण सवलत घेऊनही जुन्या प्रणालीत पन्नास हजार सातशे रुपये जास्त! बायकोचा पगार ९ लाख असेल तर तिला नव्या प्रणालीत कर शून्य, कारण २०२५-२६ पासून करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर करात पूर्ण सूट आहे. नोकरदाराला ठरावीक वजावट धरून हे १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत जातं. म्हणजे तिच्या वाट्याच्या २ लाखांनी काहीच वाचणार नव्हतं.

मग हे प्रमाणपत्र कोणाच्या कामाचं? नवऱ्याच्या उदाहरणात दोन्ही प्रणाली बरोबरीत यायला आणखी १,९३,७५० रुपयांची वजावट लागते. ती बहुतेक वेळा येते घरभाडे भत्त्यातून. समजा हाच माणूस मुंबईत नोकरीला आहे, तिथे भाड्याने राहतो, आणि कर्ज काढून घेतलेला फ्लॅट नाशिकला आहे जिथे आईवडील राहतात. नोकरीमुळे स्वतःच्या घरात राहता येत नाही, म्हणून ते घर राहतंच धरलं जातं आणि व्याजाचे २ लाख मिळतात. घरभाडे भत्त्याची सूटही मिळते, या दोन गोष्टी एकमेकींना आड येत नाहीत. भत्त्याची सूट २,४०,००० बसली तर करपात्र उत्पन्न ८,६०,००० आणि कर ८७,८८०. नव्या प्रणालीपेक्षा ९,६२० रुपयांनी कमी. फार नाही, पण आहे. त्यात आरोग्य विम्याचा हप्ता वगैरे आला की फरक वाढतो. मात्र घर आणि नोकरी एकाच शहरात असताना, घर रिकामं ठेवून किंवा आईवडिलांच्या नावावर भाडेपावत्या फाडून दोन्ही सवलती घेणाऱ्यांचं स्पष्टीकरण टिकत नाही.

पगारदाराला प्रणाली दरवर्षी बदलता येते. कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला नवी सांगितली असली तरी रिटर्न भरताना जुनी निवडता येते. अट एकच, रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही, आणि मग प्रमाणपत्र कितीही नीट असलं तरी राहत्या घराची सवलत गेली. धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना अशी दरवर्षी ये-जा करता येत नाही.

घर भाड्याने दिलेलं असेल तर चित्र वेगळं. तिथे नव्या प्रणालीतही व्याज भाड्यातून वजा होतं. महिना २०,००० भाडं म्हणजे वर्षाचे २,४०,०००. त्यातून भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर १०,००० गेला, उरले २,३०,०००. त्यावर देखभालीसाठी ३० टक्के ठरावीक वजावट, ६९,०००. उरले १,६१,०००. व्याजाने हे शून्यावर आणता येतं, म्हणजे भाड्यावर कर लागत नाही. व्याज त्याहून जास्त असेल तर नव्या प्रणालीत तो जादा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत होतो आणि उरलेला पुढची आठ वर्षं घराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. म्हणून घर भाड्याने दिलेल्यांनी नव्या प्रणालीत गेलं तरी प्रमाणपत्र काढायचं विसरू नये.

कर्ज कोणाकडून घेतलं यानेही फरक पडतो. व्याजासाठी कायदा कर्ज देणारा कोण हे बघत नाही. मामाकडून व्याजाने पैसे घेऊन घर घेतलं तरी २४ बी चालतं, फक्त व्याज किती ते मामाने लिहून द्यायला हवं, त्यांचा पॅन द्यायला हवा, आणि ते व्याज त्यांनी आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. ८० सी चं मात्र तसं नाही. तिथे कर्ज देणाऱ्यांची यादीच आहे: सरकार, बँक, त्यात सहकारी बँकही आली, एलआयसी, गृहवित्त कंपन्या, घरबांधणीला कर्ज देण्याचाच व्यवसाय असलेली सहकारी संस्था, आणि काही प्रकारचे नियोक्ते. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत आणि त्यांच्याकडून घरासाठी कर्ज घेणारेही खूप. पण सर्वसाधारण कर्ज देणारी पतसंस्था या यादीत बसवणं अवघड. तिच्या कर्जाचं व्याज वजा करा, मुद्दल सोडून द्या.

कर्ज एका बँकेतून दुसरीकडे हलवलं तर नव्या कर्जाचं व्याजही चालतं, कारण ते जुनं कर्ज फेडण्यासाठीच घेतलेलं असतं. त्या वर्षी दोन बँकांची दोन प्रमाणपत्रं हवीत. जुन्या बँकेच्या प्रमाणपत्रात मुद्दलाचा आकडा अवाढव्य दिसेल, कारण नव्या बँकेने एकरकमी फेडलेलं सगळं कर्ज त्यात येतं. ती रक्कम तुमच्या खिशातून गेलेली नाही, ८० सी मध्ये धरायची नाही. कर्ज हलवताना टॉप-अप घेतला असेल तर त्याचं व्याज वेगळं काढा. लग्नासाठी किंवा गाडीसाठी वापरलेल्या टॉप-अपचं व्याज घराचं व्याज होत नाही, प्रमाणपत्रावर दोन्हीची बेरीज एकत्र छापलेली असली तरी.

रिटर्न भरताना प्रमाणपत्र कुठे जोडायचं नसतं, पण गेल्या वर्षीपासून नुसता व्याजाचा आकडा टाकूनही चालत नाही. कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, कर्ज मंजूर झाल्याची तारीख, मंजूर रक्कम, ३१ मार्चला असलेली बाकी आणि व्याज, हे सगळं विचारलं जातं. यातली मंजुरीची तारीख आणि बाकी काही बँकांच्या प्रमाणपत्रावर नसते. मंजुरीपत्र आणि खातेउतारा जवळ घेऊन बसा. आकडे अंदाजाने भरू नका. पुढे नोटीस आली तर प्रमाणपत्र, करारनामा, ताबापत्र आणि हिश्श्याचा पुरावा हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. लागू नसलेलं व्याज जाणूनबुजून दाखवलं असं ठरलं, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. उलटपक्षी, कंपनीला वेळेत कागद देता आला नाही म्हणून सवलत बुडत नाही. रिटर्नमध्ये ती घेता येते आणि जास्त कापलेला टीडीएस परत मिळतो.

घर विकायचा विचार असेल तर एक तारीख तपासून घ्या. ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला, त्याच्या शेवटापासून पाच वर्षं पूर्ण होण्याआधी घर विकलं, तर मुद्दलावर ८० सी मध्ये आजवर घेतलेली सगळी सवलत विक्रीच्या वर्षी उत्पन्न म्हणून मोजली जाते. आपल्या जोडप्याला ताबा नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाला, म्हणून त्यांच्यासाठी ही तारीख ३१ मार्च २०३०. व्याजावर घेतलेली सवलत मात्र परत काढून घेतली जात नाही.